वाकलेला प्रोसेसर आणि सरकवलेला कूलर

संगणक गरम होतोय म्हटल्यावर माणूस आधी पंखा बदलतो, मग मोठा कूलर आणतो, मग महागडी थर्मल पेस्ट. गेल्या काही वर्षांत या यादीत दोन छोट्या वस्तूंची भर पडली आहे. एक म्हणजे इंटेलच्या सॉकेटवर बसवायची अॅल्युमिनियमची चौकट, जिला कॉन्टॅक्ट फ्रेम म्हणतात. दुसरी म्हणजे एएमडीच्या सॉकेटवर कूलर काही मिलिमीटर बाजूला सरकवून बसवणाऱ्या पट्ट्या, म्हणजेच ऑफसेट माउंटिंग किट. दोन्हींचा दावा एकच, तापमान कमी होईल. पण दोन्ही वस्तू दोन वेगळ्या दुखण्यांवर आहेत. एकीची पुडी दुसऱ्या दुखण्यावर घेतली तर पैसे जातात आणि अंश तिथेच राहतात.

पहिलं दुखणं वाकण्याचं. नोव्हेंबर २०२१मध्ये इंटेलने बाराव्या पिढीचे प्रोसेसर आणले आणि त्यांच्यासोबत एलजीए १७०० हे सॉकेट आलं. त्याआधीचे घरगुती प्रोसेसर ३७.५ मिलिमीटरचे चौरस होते. नवा प्रोसेसर लांबट झाला, ४५ बाय ३७.५ मिलिमीटर. सॉकेटमधल्या १७०० बारीक स्प्रिंगसारख्या पिनांवर तो घट्ट दाबून ठेवायला लिव्हर असलेला एक धातूचा पत्रा असतो. हा पत्रा प्रोसेसरला सगळीकडून दाबत नाही. दोन्ही लांब कडांच्या मधोमध असलेल्या दोन जिभांनीच दाबतो. मऊ गादीवर लांब पट्टी ठेवून ती मधोमध बोटांनी दाबली तर तिची टोकं वर येतात, तसंच इथे होतं. प्रोसेसरच्या वरचं तांब्याचं झाकण मधोमध किंचित खाली जातं.

हा खळगा डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण कूलरला तो जाणवतो. कूलरचा तळ झाकणाच्या दोन टोकांवर टेकतो आणि मध्ये, म्हणजे जिथे उष्णता तयार करणारी चिप आहे नेमकं तिथे, फट राहते. ती फट पेस्टने भरते, पण तांब्याच्या तुलनेत पेस्ट उष्णता फारच हळू वाहून नेते. तिचा थर जितका जाड, तितका चिपचा पारा वर.

हे घडतंय का, ते ओळखायला दोन खुणा पुरतात. पहिली खूण पेस्टच्या ठशाची. कूलर काढल्यावर झाकणाच्या लांबीच्या दोन्ही टोकांना पेस्ट जवळपास पुसली गेलेली आणि मध्ये जाड राहिलेली दिसली, तर मध्ये दाब पोचत नव्हता. दुसरी खूण सरळ कडेची. झाकण स्वच्छ पुसून, प्रोसेसर सॉकेटमध्ये लॉक असतानाच स्टीलच्या पट्टीची कड लांबीच्या दिशेने त्यावर उभी धरायची आणि मागून उजेड टाकायचा. मधून उजेड आला की खळगा आहे. प्रोसेसर सॉकेटबाहेर काढून ही तपासणी केली तर तिचा काही उपयोग नाही, कारण दाब गेला की बाकही बराचसा जातो.

जर्मनीतल्या इगोर वॉलोसेक यांनी २०२२च्या सुरुवातीला यावर साधा उपाय करून पाहिला. पत्रा बसवणाऱ्या चार स्क्रूंच्या खाली एकेक मिलिमीटर जाडीचे वॉशर घातले. पत्रा तेवढा वर उचलला गेला, दाब कमी झाला आणि तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं. त्याच वर्षी, ‘डेरबाउअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमान हार्टुंग यांनी थर्मल ग्रिझली कंपनीसोबत कॉन्टॅक्ट फ्रेम बाजारात आणली. थर्मलराइटची स्वस्त फ्रेमही आली. ही फ्रेम मूळ पत्र्याच्या जागी बसते आणि दोन जिभांऐवजी प्रोसेसरच्या कडांवर दाब वाटून देते. मग मधला भाग खाली ढकलला जात नाही.

इंटेलची भूमिका मात्र वेगळी होती. झाकणात थोडा बाक येतो हे कंपनीने मान्य केलं, पण त्यामुळे प्रोसेसर ठरवलेल्या मर्यादेबाहेर जात नाही आणि सॉकेटच्या यंत्रणेत केलेल्या फेरफारांमुळे वॉरंटी जाऊ शकते, असं सांगितलं. इथे दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. प्रोसेसर बिघडत नाही. तो असायला हवा त्यापेक्षा काही अंश गरम चालतो, एवढंच.

फ्रेम बसवणं अवघड नाही, पण घाईचं काम नव्हे. मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून सपाट टेबलावर ठेवावा, कारण मूळ पत्र्याचे चार स्क्रू काढले की बोर्डामागची आधारपट्टीही सुटी होते आणि बोर्ड उभा असेल तर खाली पडते. लिव्हर उघडून टी२० आकाराच्या टॉर्क्स पान्याने स्क्रू काढायचे आणि पत्रा सरळ वर उचलायचा. प्रोसेसर पिनांवर तसाच राहू द्यायचा. या वेळी एखादा स्क्रू उघड्या पिनांवर पडला तर मदरबोर्डच बदलावा लागेल. मग खुणेचा त्रिकोण जुळवून फ्रेम ठेवायची आणि चारही स्क्रू तिरक्या क्रमाने, प्रत्येकाला थोडा थोडा पीळ देत आवळायचे. किती आवळायचे हे त्या फ्रेमच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. तेच पाळायचं, मनगटाच्या जोरावर विसंबायचं नाही.

चुकतं ते बहुतेक इथेच. स्क्रू सैल राहिले किंवा एका बाजूला जास्त आवळले गेले, तर काही पिना प्रोसेसरला नीट टेकत नाहीत. संगणक सुरूच होत नाही, किंवा सुरू होतो पण चारपैकी दोनच रॅम दिसतात. मग माणूस रॅम खराब झाली म्हणून दुकानात जातो. फ्रेम बसवल्यावर पहिल्यांदाच बायोसमध्ये जाऊन पूर्ण रॅम दिसते का, ते पाहावं. दिसत नसेल तर स्क्रू सोडून पुन्हा समान आवळावेत. काढलेला मूळ पत्रा आणि स्क्रू पिशवीत जपून ठेवावेत, वॉरंटीसाठी तेच लागतील.

फ्रेमचा फायदा प्रत्येकाला सारखा मिळत नाही, याचं कारण कूलरच्या तळात आहे. अनेक कूलरांचा तळ सपाट नसतो, तो मधोमध किंचित फुगीर घासलेला असतो. असा फुगीर तळ खळग्यात आपोआप बसतो, आणि मग फ्रेम लावून फार फरक पडत नाही. नॉक्टुआने २०२४मध्ये एनएच-डी१५ जी२ हा कूलर तीन तळांसह विकायला काढला. एक साधा, एक जास्त फुगीर आणि एक जवळपास सपाट. मूळ पत्र्यासह एलजीए १७०० वापरणाऱ्यांसाठी जास्त फुगीर आणि कॉन्टॅक्ट फ्रेम लावलेल्यांसाठी सपाट, असा त्यामागचा हिशोब आहे. जास्त फुगीर तळ आणि फ्रेम असं दोन्ही एकदम केलं तर उलट कडांना फट पडते.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या एलजीए १८५१ सॉकेटला इंटेलने कमी दाबाच्या पत्र्याचाही पर्याय ठेवला. प्रोसेसरवरचा उरलेला दाब तिथे कूलरने द्यायचा असतो, म्हणून घट्ट बसणारा कूलर लागतो. आपल्या मदरबोर्डावर कोणता पत्रा आहे हे तपासल्याशिवाय या सॉकेटसाठी फ्रेम विकत घेऊ नये.

दुसरं दुखणं एएमडीचं. २०२२च्या सप्टेंबरमध्ये रायझन ७००० प्रोसेसरांसोबत एएम५ सॉकेट आलं. हा प्रोसेसर ४० मिलिमीटरचा चौरस आहे आणि इंटेलसारखा खळगा ही इथली अडचण नाही. इथे झाकणाखाली एक चिप नसून दोन किंवा तीन तुकडे असतात. रॅम आणि इतर जोडण्या सांभाळणारा एक मोठा तुकडा, आणि खरी गणितं करणारा, खरी उष्णता ओकणारा एक किंवा दोन छोटे तुकडे. हे छोटे तुकडे झाकणाच्या मध्याखाली नाहीत. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये नेहमीसारखा उभा असताना ते मध्यापासून खाली, ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला आहेत. एकेक तुकडा फक्त ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सगळी आग एका छोट्या चौकोनातून निघते. कूलर मात्र आपला मध्य झाकणाच्या मध्यावर ठेवून बसतो आणि त्याचा उष्णता ओढणारा सर्वांत चांगला भाग कमी गरम तुकड्यावर राहतो.

म्हणून नॉक्टुआने कूलर सात मिलिमीटर खाली सरकवणाऱ्या पट्ट्या काढल्या. आर्क्टिकच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरांतही एएमडीसाठी अशी सरकवलेली बैठक मिळते. नॉक्टुआचा स्वतःचा दावा एक ते तीन अंशांचाच आहे. तो प्रामाणिक आहे आणि त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवू नये. एएम५साठी मिळणाऱ्या फ्रेमांचं काम मुख्यतः झाकणाच्या खाचांमध्ये पेस्ट जाऊ न देण्याचं आहे. तापमान उतरवायला त्या घेऊ नयेत.

आता हे दोन अंश खरेच मिळाले का, हे कसं कळणार? रायझन ९ ७९५०एक्ससारखा प्रोसेसर पूर्ण ताकदीवर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेला आहे. थंडावा वाढला की तो तापमान न उतरवता वेग वाढवतो. पट्ट्या बसवून पुन्हा ९५च दिसले की लोक म्हणतात, काही उपयोग झाला नाही. म्हणून आधी वीज बांधून घ्यावी लागते. बायोसमध्ये इको मोड १०५ वॅटवर ठेवला की प्रोसेसर १४२ वॅटच्या वर जात नाही. मग सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी चालवायची आणि `HWiNFO` या प्रोग्रॅममध्ये `CPU (Tctl/Tdie)` या ओळीतला आकडा शेवटच्या मिनिटात पाहायचा.

आणि शेजारी खोलीचं तापमान लिहायचं. समजा, सकाळी खोली २७ अंश होती आणि प्रोसेसर ७६. फरक ४९. दुपारी पट्ट्या बसवल्या, खोली ३१ झाली होती आणि प्रोसेसर ७८. आकडा दोनने वाढलेला दिसतो, पण खोलीवरचा फरक ४७ झाला. म्हणजे दोन अंशांचा खरा फायदा झाला होता आणि दुपारच्या उन्हाने तो झाकून टाकला. वर्ध्याच्या मे महिन्यात खोलीच आठ-दहा अंशांनी चढ-उतार करते, तिथे हा हिशोब न करता काढलेला कोणताही निष्कर्ष खोटा ठरू शकतो. आणखी एक पथ्य पाळावं. पहिलं मोजमाप जुन्या वाळलेल्या पेस्टवर घेऊ नये. आधी नव्या पेस्टने कूलर पुन्हा बसवून मोजावं, नाहीतर पेस्टचा फायदा पट्ट्यांच्या नावावर जमा होतो.

सरकवण्याआधी दोन मापं मात्र घ्यावीत. सात मिलिमीटर सरकूनही कूलरचा तळ पूर्ण झाकण झाकतो का? आणि खाली आलेला मोठा कूलर वरच्या स्लॉटमधल्या ग्राफिक्स कार्डाला टेकत तर नाही ना?

तेव्हा निवाडा असा. एलजीए १७००वर पेस्टचा ठसा किंवा पट्टीखालचा उजेड खळगा दाखवत असेल आणि कूलरचा तळ सपाट असेल, तर फ्रेम लावावी. काही अंश नक्की उतरतील. खळगा दिसत नसेल तर वॉरंटी धोक्यात घालू नये. एएम५वर कूलरसोबत सरकवायच्या पट्ट्या फुकट आल्या असतील तर त्या जरूर वापराव्यात. त्या वेगळ्या विकत घ्यायच्या असतील, तर एक ते तीन अंशांसाठी तेवढे पैसे द्यायची आपली तयारी आहे का, ते आधी ठरवावं.