पी. ई. रेशो : स्वस्ताईचा भास

शेअर बाजाराविषयी आपल्या व्यवसायबंधूंशी गप्पा रंगल्या की एक वाक्य माझ्या कानांवर हमखास पडते : "अहो, चारच्या पी. ई.ला मिळतो आहे, म्हणजे फुकटच की!" या वाक्यातील 'म्हणजे' किती भरवशाचा आहे, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शेअरच्या भावाला कंपनीच्या दर शेअरमागील वार्षिक नफ्याने भागले की येणारा आकडा म्हणजे पी. ई. रेशो. भाव १०० रुपये आणि नफा ५ रुपये असेल, तर पी. ई. २० होतो. याचा अर्थ असा, की वर्षाकाठच्या एक रुपया नफ्यासाठी बाजार आज २० रुपये मोजत आहे. साबण, टूथपेस्ट यांसारख्या वस्तूंची मागणी फारशी हलत नाही. अशा दोन समान कंपन्यांची तुलना करताना हा आकडा खरोखर उपयोगी पडतो. अडचण निराळीच आहे. भागाकारातील भाव आजचा असतो, नफा मात्र सरलेल्या वर्षाचा. बाजार पुढे पाहून भाव ठरवतो. हिशेबाची वही मागे पाहते. ज्या धंद्यात नफा लाटेसारखा चढतो व उतरतो, तेथे या दोहोंची फारकत होते.

पोलादाचा धंदा हे त्याचे ठळक उदाहरण. टाटा स्टीलची तीन वर्षे पाहू. जुलै २०२२ मध्ये या कंपनीच्या एका शेअरचे दहा झाले. सोयीसाठी पुढील सर्व आकडे त्या हिशेबाने देतो. मार्च २०२२ अखेरच्या वर्षात पोलादाचे भाव चढे होते. उपकंपन्यांसह नफा ४१ हजार कोटींवर, म्हणजे शेअरमागे सुमारे ३३ रुपये होता. शेअरचा भाव १३० रुपयांच्या आसपास, पी. ई. जेमतेम ४. वरकरणी याहून स्वस्त ते काय!

परंतु आदल्या वर्षीचा नफा ८ हजार कोटींच्या घरात होता. एका वर्षात तो पाचपट झाला, तो काही कारखाने पाचपट झाले म्हणून नव्हे. मे २०२२ मध्ये सरकारने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क बसवले (ते नोव्हेंबरमध्ये उठले), आणि महाग झालेल्या कोळशाचाही भार पडला. मार्च २०२३ अखेरच्या वर्षात नफा पुन्हा ८ हजार कोटींवर, शेअरमागे सुमारे ७ रुपयांवर आला. भाव १०५ रुपयांच्या आसपास उतरला, तरी पी. ई. १५ झाला. शेअर स्वस्त झाला आणि पी. ई.च्या मते महाग! २०२२ मधील १३० रुपयांना या ७ रुपयांनी भागले असते, तर ४ ऐवजी १८ हा आकडा दिसला असता.

तिसरे वर्ष याहून बोलके आहे. मार्च २०२४ अखेरच्या वर्षात कंपनीला सुमारे ४,९०० कोटींचा तोटा झाला. तोट्याला पी. ई. नसतोच, वर्तमानपत्राच्या रकान्यात तेथे रेघ असते. तथापि त्याच वर्षात भाव मात्र १५० रुपयांच्या पुढे गेला. तोट्यामागे ब्रिटनमधील पोलाद कारखान्याच्या फेररचनेसारख्या, दरवर्षी न येणाऱ्या खर्चाचा मोठा वाटा होता. तो वगळल्यास वर्ष नफ्याचेच होते. याच्या उलटही घडते. एखादी कंपनी जुनी जमीन विकते, नफा एका वर्षापुरता फुगतो आणि पी. ई. एकाएकी कमी दिसू लागतो. म्हणून ताळेबंदासोबतच्या नफा-तोटा पत्रकात 'अपवादात्मक बाबी' ही ओळ मी आधी वाचतो.

यावर उपाय आपल्या परिचयाचाच आहे. जेवणानंतरच्या एका रक्तशर्करेवरून आपण मधुमेहाचे नियंत्रण ठरवत नाही; दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी पाहतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉन कॅम्पबेल व रॉबर्ट शिलर यांनी बाजाराचा भाव महागाई वजा जाता दहा वर्षांच्या सरासरी नफ्याशी ताडून पाहिला, तो याच विचाराने. पोलाद, सिमेंट, साखर अशा धंद्यांत मीही निदान सात-आठ वर्षांचा दर शेअरमागील नफा कागदावर मांडून त्याची सरासरी घेतो. त्यात तेजी व मंदी दोन्ही आल्या पाहिजेत, ही अट.

मात्र रक्तक्षयाच्या रुग्णात एचबीए१सीदेखील फसवते, तशी ही सरासरीही फसवू शकते. कंपनीने मधल्या काळात दुसरा मोठा उद्योग विकत घेतला असेल किंवा आपला एखादा विभाग विकला असेल, तर जुना नफा आजच्या कंपनीचा नसतोच. तेव्हा पी. ई. चार दिसला, की 'स्वस्त' म्हणण्यापूर्वी विचारावे : हा नफा कोणत्या वर्षाचा, आणि तसे वर्ष याआधी किती वेळा आले होते?