उल्हासच्या काठावरचा वाकडा किरण

बदलापूर आणि वांगणीच्या मधल्या पट्ट्यात, चामटोलीच्या आसपास, उल्हास नदी पावसाळ्यात मातकट असते. दिवाळीनंतर ती नितळ होते आणि काठावरून तळातले गोटे दिसू लागतात. असा एक गोटा निवडू. तो काठापासून साडेतीन मीटर आत आहे आणि तिथे पाणी दोन मीटर खोल आहे. पाहणारा अगदी काठावर उभा आहे आणि त्याचे डोळे पाण्याच्या पृष्ठभागापासून दीड मीटर उंच आहेत. गोट्यापासून निघालेला प्रकाश डोळ्यांपर्यंत सरळ रेषेत आला असता, तर तो काठापासून दीड मीटरवर पाण्याबाहेर पडला असता. प्रत्यक्षात तो दोन मीटरवर बाहेर पडतो. हे अर्धा मीटर पुढचं ठिकाण कुठून आलं?

पावसाळ्यात इथल्या भातखाचरात वासरू रुतलं आणि त्याला गाठायला डांबरी रस्त्यावरून धावायचं असेल, तर शहाणा माणूस नाकासमोर धावत नाही. रस्त्यावर पाय भराभर पडतात, चिखलात ओढत न्यावे लागतात. म्हणून तो रस्त्यावर थोडं जास्त अंतर जातो आणि चिखलातलं अंतर वाचवतो. पण फार पुढे गेला, तर रस्त्यावरच इतका वेळ जातो की चिखलातली बचत फुकट जाते. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी उतरायची योग्य जागा असते.

प्रकाशासाठी हवा हा रस्ता आणि पाणी हा चिखल. हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो, पाण्यात सुमारे सव्वादोन लाख. या दोन वेगांचं गुणोत्तर म्हणजे ४/३, हाच पाण्याचा अपवर्तनांक. पाण्यातल्या प्रत्येक मीटरला प्रकाशाला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात हवेत तो १.३३ मीटर गेला असता. म्हणून पाण्यातलं अंतर ४/३ ने गुणायचं आणि हवेतल्या अंतरात मिळवायचं. या बेरजेला प्रकाशीय पथलांबी म्हणतात. ती मीटरमध्ये मोजतात, पण मुळात ती वेळच आहे. प्रकाशाच्या वेगाने भागलं की सेकंद मिळतात.

आता आपल्या गोट्याचा हिशेब. सरळ रेषेच्या वाटेवर हवेत २.१२ मीटर आणि पाण्यात २.८३ मीटर, म्हणजे एकूण ४.९५ मीटर अंतर पडतं. वाकड्या वाटेवर हवेत अडीच आणि पाण्यात अडीच, एकूण पाच मीटर. फुटपट्टीने मोजलं तर वाकडी वाट पाच सेंटिमीटर लांब आहे. पण पाण्यातलं अंतर ४/३ ने गुणल्यावर सरळ वाटेची प्रकाशीय लांबी ५.८९ मीटर होते आणि वाकडीची ५.८३. सुमारे सहा सेंटिमीटर वाचले. वेळेत ही बचत सेकंदाच्या एक अब्जांश भागाचा जेमतेम पाचवा हिस्सा आहे.

दोन मीटरवरची जागाच सर्वांत किफायतशीर, हे कसं ओळखायचं? प्रत्येक जागा मोजत बसायची गरज नाही. किरण पाण्याबाहेर पडतो ते ठिकाण एक सेंटिमीटर आत सरकवून पाहू. हवेतली वाट थोडी वाढते, पाण्यातली थोडी घटते. किती, ते किरणाच्या कलण्यावर अवलंबून आहे. किरण पृष्ठभागाला जवळजवळ लंब असेल, तर बिंदू बाजूला सरकवल्याने वाटेच्या लांबीत काहीच फरक पडत नाही. किरण पृष्ठभागाला चिकटून जात असेल, तर एक सेंटिमीटर सरकवल्यावर वाट पूर्ण एक सेंटिमीटरने बदलते. या दोन टोकांच्या मधलं प्रमाण सांगणारी राशी म्हणजे किरणाने स्तंभिकेशी, म्हणजे पृष्ठभागावर उभ्या केलेल्या लंबाशी, केलेल्या कोनाचा साइन.

दोन मीटरच्या जागी हवेतल्या कोनाचा साइन ०.८ येतो आणि पाण्यातल्याचा ०.६. (आकडे शाळेतल्या ३-४-५ च्या त्रिकोणातून यावेत म्हणूनच ही अंतरं निवडली आहेत.) बिंदू एक सेंटिमीटर सरकला की हवेत ०.८ सेंटिमीटर वाढतात. पाण्यात ०.६ सेंटिमीटर घटतात, आणि त्यांची किंमत ४/३ पट, म्हणजे तीही ०.८. वाढ आणि घट बरोबरीत सुटली. सरळ वाटेच्या जागी असं होत नाही. तिथे एक सेंटिमीटर पुढे सरकलं की सव्वादोन मिलिमीटरहून जास्त फायदा होतो, म्हणजे तिथे थांबण्यात अर्थ नाही. वाढ आणि घट समान असण्याची हीच अट चिन्हांत लिहिली की अपवर्तनाचा नियम हाती येतो:

n₁ sin θ₁ = n₂ sin θ₂

परावर्तनाला तर ४/३ चीही गरज नाही. पलीकडच्या काठावरच्या झाडाचं प्रतिबिंब पाण्यात दिसतं, तेव्हा किरण हवेतच येतो आणि हवेतच जातो. पाण्यावरचा बिंदू सरकवला की येणारी वाट जितकी वाढते, तितकीच जाणारी घटली पाहिजे. दोन्ही साइन सारखे, म्हणून दोन्ही कोन सारखे. हे पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने भूमितीने दाखवलं होतं. त्याला सर्वांत कमी अंतर पुरलं, कारण माध्यम एकच होतं. अपवर्तनात मात्र अंतर धरून बसलं की फसायला होतं. सर्वांत कमी अंतर सरळ रेषेचंच, मग किरण वाकेलच कशाला?

अंतराऐवजी वेळ धरायचा, हे सुचलं पिएर द फर्माला. पेशाने तो फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयात होता, गणित फावल्या वेळात करायचा. साइनचा नियम देकार्तने १६३७ सालीच छापला होता, पण प्रकाश घन माध्यमात जास्त वेगाने जातो, असं गृहीत धरून. फर्माला ते पटलं नव्हतं. पाण्यात वेग कमी धरून, किमान वेळेची अट लावून त्याने १६६२ साली हिशेब पुरा केला. देकार्तपेक्षा वेगळं उत्तर येईल, अशी त्याची अपेक्षा होती. आला तो नेमका देकार्तचाच नियम. एकच नियम, पण वेगाबद्दल दोघांची म्हणणी उलट. हा तंटा मिटायला जवळपास दोनशे वर्षं लागली. १८५० साली फूकोने फिरत्या आरशाने दाखवलं की पाण्यात प्रकाश खरोखरच हळू जातो.

फर्माच्या हयातीत मात्र खरी अडचण वेगाची नव्हती. देकार्तचा अनुयायी क्लेर्सेलिए याने १६६२ मध्येच त्याला लिहिलं, की हे तत्त्व भौतिक नव्हे, नैतिक आहे. निसर्गाला कुठून कळणार, कोणती वाट लवकरची? मला हा आक्षेप अगदी रास्त वाटतो. गोट्यापासून निघालेल्या प्रकाशाला आपला डोळा कुठे आहे, हे ठाऊक नसतं. फर्माने उत्तरात नमतं घेतलं. निसर्गाची गुपितं आपल्याला कळल्याचा त्याचा दावा नव्हता, भूमिती आपल्याकडे राहिली की त्याला पुरे होतं.

उत्तर मिळालं ते प्रकाश लाटांचा असल्याचं कळल्यावर. लाट सगळ्याच वाटांनी जाते. डोळ्यापाशी त्या सगळ्या लाटा एकमेकींत मिसळतात. एकीचा चढ दुसरीच्या चढावर आला तर उजेड वाढतो, उतारावर आला तर दोघी एकमेकींना खोडतात. आता आपल्या नदीतल्या दोन जागांची तुलना करू. सरळ वाटेच्या जागी बिंदू एक मिलिमीटर सरकला, की पथलांबी साधारण ०.२४ मिलिमीटरने बदलते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजारांश भागाएवढी, म्हणजे तेवढ्यात चारशेहून अधिक लाटांचा फरक पडला. शेजारशेजारच्या वाटा एकमेकींशी मुळीच जुळत नाहीत आणि तिथून काही दिसत नाही. दोन मीटरच्या जागी वाढ आणि घट बरोबरीत आहेत. तिथे एक मिलिमीटर सरकल्यावर पथलांबीतला फरक मिलिमीटरच्या चार हजारांश भागाएवढाच, म्हणजे अर्ध्या लाटेच्याही आत. इथल्या सगळ्या वाटा एका सुरात येतात. किरण म्हणजे दोन मीटरच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर पसरलेली ही पट्टी. ती पट्टी काळ्या पुठ्ठ्याने झाकून फक्त मिलिमीटरच्या दहाव्या भागाची फट ठेवली, तर खोडणाऱ्या लाटाच अडतात. मग प्रकाश एका दिशेला न राहता फटीतून फाकतो. ‘कमीत कमी वेळ’ हा नियम जिथे लागू पडत नाही, ती सीमा ही.

डोळ्यांना या भानगडीतलं काही कळत नाही. ते आलेला किरण सरळ मागे वाढवतात आणि गोटा त्याच्या जागेच्या थेट वर, फक्त १.१३ मीटर खोलीवर दिसतो. दोन मीटर पाणी छातीएवढं वाटतं. नितळ पाण्यात उतरणारे फसतात ते यामुळेच, आणि जितकं तिरकस पाहावं तितकी ही फसगत वाढते.

लाटांच्या या हिशेबात ‘किमान’ असण्याला काही महत्त्व नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. बिंदू जरासा सरकल्याने पथलांबी बदलू नये, एवढंच लागतं. एखादी राशी आपल्या टोकाला असते तिथे तिचा बदल थांबतो, ही गोष्ट भास्कराचार्याच्या ११५० सालच्या ‘सिद्धांतशिरोमणी’तही ग्रहगणितात येते. ग्रहाच्या मध्यम स्थानात करायची दुरुस्ती जिथे सर्वाधिक असते, तिथे तिचा बदल शून्य असतो, हे त्याने नोंदवलं आहे. पण टोक जसं तळाचं असतं तसं माथ्याचंही असतं. अर्धगोल स्टीलची वाटी घ्या. काठावरच्या एका बिंदूपासून निघून, तळाच्या मध्यावर आपटून समोरच्या काठावर जाणारा किरण परावर्तनाचा नियम तंतोतंत पाळतो. आता आपटण्याची जागा तळापासून या दोन बिंदूंपैकी कोणत्याही एकाकडे सरकवा. वाट आखूड होते! म्हणजे प्रकाशाने घेतलेली वाट या दिशेने पाहिली तर सर्वांत लांबची आहे.

वाटी अर्धगोलाऐवजी लंबगोल केली, तर आणखी वेगळं घडतं. लंबगोलाच्या दोन नाभींपैकी एकीपासून निघून भिंतीवर कुठेही आपटून दुसरीपर्यंत जाणाऱ्या सगळ्या वाटा सारख्याच लांबीच्या असतात. ना किमान, ना कमाल. म्हणून एका नाभीतून कुठल्याही दिशेने निघालेली लाट दुसऱ्या नाभीत एकाच क्षणी पोचते. ध्वनीच्या लाटांनाही हेच लागू आहे. १९८० साली म्युनिकमध्ये मुतखडा फोडण्यासाठी हीच रचना पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली. धातूच्या लंबगोल वाटीच्या एका नाभीशी पाण्यात ठिणगी पाडायची, आणि रुग्णाला असं ठेवायचं की खडा बरोबर दुसऱ्या नाभीवर येईल.