निकालाआधीची भेट

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. दहावीतली मुलगी फराळाची बशी घेऊन कोपऱ्यात बसलेली असते, आणि काका अगदी मनापासून म्हणतात, "नव्वदच्या पुढे गेलीस की मोबाईल माझ्याकडून." काकांच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्या वाक्यानंतर मुलीच्या मनात दोन निकाल तयार होतात, एक बोर्डाचा आणि एक काकांचा. शहाऐंशी टक्के मिळवूनही ती आता कमी पडू शकते.

अशी अट निदान उपयोगी तरी पडते का? हार्वर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी हे अमेरिकेतल्या शाळांमध्ये तपासलं आणि त्यांचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमध्ये मुलांना चाचणीतल्या गुणांवर पैसे दिले. गुण काही वाढले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरची छोटी चाचणी पार केली की दोन डॉलर मिळत; तिथे वाचलेलं समजण्यात सुधारणा दिसली. न्यूयॉर्कच्या मुलांना पैसे नको होते असं नाही. जास्त गुण मिळवायला काय कराल, असं विचारल्यावर त्यांची उत्तरं 'प्रश्न नीट वाचू' अशा धर्तीची होती. शिक्षकांना शंका विचारू, जास्त वेळ अभ्यास करू, हे त्यांना फारसं सुचलंच नाही. ती मुलं आणि आपली दहावीची मुलं यांच्यात फरक आहेच, पण आपल्या घरांतही तेच दिसतं. टक्केवारी मुलाच्या हातात थेट नसते. आज दुपारचे दोन तास असतात, म्हणून भेट त्या दोन तासांना मदत करणारी हवी. आणि ती निकालाआधी, विनाअट, शक्य तर दिवाळीच्या आसपास हातात पडावी.

माझ्या मते अशा भेटींमध्ये पहिला मान काट्याच्या साध्या मनगटी घड्याळाचा. स्मार्ट घड्याळ परीक्षेच्या वर्गात चालत नाही, आणि भिंतीवरचं घड्याळ आपल्या बाकावरून दिसेलच याची खात्री नसते. माझ्या भाचीला गणित येत होतं, पण पेपर अपुरा राहायचा. घड्याळ दिल्यावर आम्ही दोघींनी बसून हिशेब मांडला. गणित भाग एकचा पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. मोठा काटा अर्धी फेरी फिरला की दहा गुणांचं लिहून झालेलं हवं. पहिले दोन प्रश्न मिळून वीस गुणांचे, तेव्हा अकराला पेपर सुरू झाला तर बाराच्या ठोक्याला तिसरा प्रश्न हाती असायला हवा; तपासायला वेळ हवा असेल तर त्याच्याही थोडं आधी. चार गुणांच्या गणिताला बारा मिनिटं. तेवढ्यात सुटलं नाही तर जागा सोडायची आणि पुढे जायचं. तिचं नेमकं इथेच अडत होतं. एकाच गणिताशी ती अर्धा अर्धा तास झुंजायची आणि शेवटची सोपी उदाहरणं तशीच राहायची. भाषेच्या 80 गुणांच्या पेपरला तीन तास असतात, तिथे गुणाला सव्वादोन मिनिटं येतात. पाच गुणांच्या उत्तराला अकरा मिनिटं पुरायला हवीत. अलीकडे मंडळ शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं, पण ती हिशेबात धरू नयेत.

हे घड्याळ परीक्षेच्या आदल्या दिवशी देऊन काहीच साधत नाही. पूर्वपरीक्षेच्या आधी ते मनगटावर असलं, घरी सोडवलेल्या प्रत्येक सरावपत्रिकेला समोर असलं, तरच काट्याकडे एक नजर टाकून 'आपण कुठे आहोत' हे कळायला लागतं. आणि मूल घड्याळाकडे सारखं बघून घाबरायला लागलं, तर समजावं की मिनिटांचा हिशेब फार बारीक झालाय. तेव्हा फक्त अर्ध्या तासाच्या खुणा ठेवाव्यात.

पेनांचंही तसंच आहे. परीक्षेच्या तोंडावर पाहुणे डबीतलं भारी, जड पेन देतात. तीन तास लिहिणाऱ्या बोटांना ते परकं असतं. त्यापेक्षा मूल वर्षभर ज्या पेनाने लिहितंय त्याच जातीची चार-पाच पेनं जानेवारीत आणून द्यावीत आणि प्रत्येक पेन दोन-तीन दिवस वापरून मोकळं करून घ्यायला सांगावं. जेल पेन आवडत असेल तर एकदा पातळ कागदावर लिहून बघावं. शाई मागच्या बाजूला उमटते का, हात फिरला की फासते का, ते लगेच दिसतं.

अभ्यासाला वेगळी खोली फार थोड्या घरांत असते. दोन खोल्यांच्या घरात टेबलाचा दिवा ही मोठी सोय आहे, कारण बाकीचे झोपले तरी एका कोपऱ्यापुरता उजेड राहतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूला तो ठेवावा, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहिण्यावर पडते. उजेड वहीवर पडावा, डोळ्यांत येऊ नये. गावाकडे वीज जाते तिथे चार्जिंगचा घ्यावा. मात्र दिवा आला म्हणून जागरण वाढलं, तर भेट उलटली असं समजावं. झोप तोडून वाचलेलं सकाळी आठवत नाही.

सगळ्यात जास्त दिली जाणारी आणि मला सगळ्यात नकोशी वाटणारी भेट म्हणजे आणखी एक मार्गदर्शक. मुलाकडे पाठ्यपुस्तक असतं, क्लासच्या नोट्स असतात, एखादा प्रश्नपत्रिकांचा संच असतो. त्यावर मावशीने दिलेला दुसरा संच आला की तो टेबलावर नुसता पडून राहतो आणि रोज सांगत राहतो की माझं अजून बाकी आहे. पुस्तक द्यायचंच असेल तर आधी विचारून द्यावं. नाहीतर कोऱ्या फुलस्केप कागदांचा गठ्ठा द्यावा. वेळ लावून उत्तरं लिहायला कागद भरपूर लागतात, आणि कोऱ्या कागदावर कुणाची अपेक्षा छापलेली नसते.

सोबतच्या चिठ्ठीत काय लिहायचं, यावर लोक फार कमी विचार करतात. 'तुझ्याकडून खूप अपेक्षा आहेत' किंवा 'आईबाबांचं नाव काढ' हे दोन ओळींत ओझं चढवतं. 'भूमितीला तू रोज बसतेस ते मी बघतेय. घड्याळ त्यासाठी' एवढं पुरे. जे प्रत्यक्ष दिसलं तेच लिहावं. आणि नंतर फोनवर "वापरतेस ना गं घड्याळ? मग किती पडतील?" असं विचारू नये. भेट वापरल्याचा हिशेब मागितला की तिला पुन्हा अट चिकटते. "पण मला कमी पडले तर?" असं मूल भेट हातात घेतानाच विचारत असेल, तर अट आपण बोललो नसलो तरी तिला ऐकू आली आहे. अशा वेळी "पडले तरी हे तुझंच आहे" असं स्पष्ट शब्दांत सांगावं. ते आपोआप कळत नाही.

आता काकांच्या मोबाईलचं. द्यायचाच असेल आणि घरच्यांची हरकत नसेल, तर तो भूगोलाचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी द्यावा. निकाल यायला तेव्हा बरेच आठवडे असतात. वर्षभर मुलीने जे केलं ते त्या दिवशी पूर्ण झालेलं असतं. त्यात मे-जूनमध्ये लागणाऱ्या आकड्याने काही भर पडत नाही आणि काही वजाही होत नाही. पुढे एखाद्या विषयात अडकली आणि पुरवणी परीक्षेला बसावं लागलं, तरी तो फोन परत मागू नये, आणि घड्याळाला नवा सेल बसवून द्यावा.