पाण्याच्या मीटरचे छायाचित्र कसे वाचावे?

घरगुती जलमापकाच्या तबकडीवर मधोमध काळ्या अंकांची एक ओळ असते आणि तिच्याभोवती लाल काटे असलेल्या लहान तबकड्या. काळे अंक पूर्ण घनमीटर दाखवितात. एक घनमीटर म्हणजे 1,000 लीटर. दिल्ली, बंगळुरूसारख्या शहरांच्या देयकांत हेच एकक किलोलीटर या नावाने येते. लहान तबकड्यांजवळ x0.1, x0.01 असे गुणक छापलेले असतात. म्हणजे पहिल्या तबकडीवरील प्रत्येक अंक 100 लीटरचा, तर दुसरीवरील 10 लीटरचा.

काटा दोन अंकांच्या मध्ये असेल तर मागे टाकलेला अंक घ्यावयाचा असतो. 9 आणि 0 यांच्या मध्ये असल्यास तो 9 धरावा. काटा नेमका अंकावर दिसल्यास पुढील लहान गुणकाची तबकडी पाहावी. तिच्यावर 9 असेल तर आधीचा अंक अजून पूर्ण झालेला नाही. तिरकस कोनातून घेतलेल्या छायाचित्रात काटा सरकल्यासारखा भासतो, तेव्हाही निर्णय याच पडताळणीने होतो.

मोठी चूक मात्र काळ्या अंकांत होते. चौघांच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. 1 जूनच्या छायाचित्रात काळे अंक 01847 असून लाल काटे 3 व 6 दाखवितात, वाचन 1847.36. नंतरच्या, 1 जुलैच्या छायाचित्रात शेवटचे काळे चाक 5 आणि 6 यांच्या मध्ये अर्धवट फिरलेले आहे. पहिला लाल काटा 9 व 0 यांच्या मध्ये, दुसरा 6 च्या किंचित पुढे. पहिला काटा 0 वर पोहोचल्याशिवाय 6 हा अंक पूर्ण होत नाही. म्हणून योग्य वाचन 1865.96 आहे, 1866.96 नव्हे.

दोन्ही वाचनांतील फरक 18.60 घनमीटर, अर्थात महिन्याचे 18,600 लीटर. चार माणसे व 30 दिवस धरल्यास दरडोई रोजचा वापर 155 लीटर, तर महिन्याचा 4,650 लीटर येतो. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी केंद्रीय नियमावलीत दरडोई 135 लीटरचे प्रमाण आहे. म्हणजे हे कुटुंब उधळे ठरते.

परंतु घरी दोन पाहुणे दहा दिवस राहिले असतील, तर भागाकार 120 ऐवजी 140 मनुष्यदिवसांनी करावा लागेल. वापर मग सुमारे 133 लीटरवर येतो. आणि तेच काळे चाक चुकून 6 वाचले असते, तर पाहुणे मोजूनही उत्तर 140 लीटर आले असते.

पाणी ठरावीक वेळेसच येत असेल, तर दोन्ही छायाचित्रे पुरवठा थांबून टाकी भरल्यानंतर घ्यावीत. अन्यथा टाकीतील साठ्याचा फरक वापरात मिसळतो. रिकाम्या नळातून सुटणारी हवाही काटे फिरविते, आणि ती हवा कोणत्याही छायाचित्रात वेगळी ओळखता येत नाही.