दुरुस्ती झाली, आता रिव्ह्यू

वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप बदलून झाला, पाणी सरसर निघून गेलं, बिलही मिळालं. कारागीर दारातच म्हणतो, "ताई, गुगलवर फाइव्ह स्टार द्या ना." काही जण तर फोन मागून घेऊन स्वतःच तारे दाबतात. समोरच्याला नाही म्हणणं अवघड, त्यामुळे तारे मिळतात; पण त्याखाली अक्षरही नसतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्यातून काही कळत नाही.

त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, एकदा कपडे धुऊन झाल्यावर, व्हॉट्सॲप करावा. रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड दुकानाच्या गुगल बिझनेस प्रोफाइलवर तयार मिळतात. मजकूर साधा असावा: "नमस्कार. काल आपल्या मशीनचा पंप बदलला. आता पाणी नीट जातंय ना? अडचण असेल तर याच नंबरवर कळवा. आपला अनुभव, चांगला-वाईट जसा असेल तसा, इथे लिहिलात तर बरं होईल." खाली लिंक. उत्तर आलं नाही तर फार तर एकदा आठवण करावी, मग विषय सोडावा.

हा मेसेज प्रत्येकाला जायला हवा. आधी "खूश आहात का?" असं विचारायचं आणि हो म्हणणाऱ्यालाच लिंक पाठवायची, ही युक्ती बरेच जण सुचवतात. गुगलच्या नियमांत ती बसत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात पुढच्या बिलात सूट देणंही बसत नाही. अशाने रिव्ह्यू काढून टाकले जाऊ शकतात.

आता उत्तरं. "छान काम" असं कुणी लिहिलं तर दोन ओळी पुरतात, फक्त सगळ्यांना तेच वाक्य चिकटवू नये. खरा कस लागतो तो दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूत. समजा कुणी लिहिलं, "पैसे घेतले, तीन दिवसांत पुन्हा पाणी तुंबलं." रागात लिहिलेलं उत्तर गिऱ्हाइकाआधी शेजारची सोसायटी वाचते, म्हणून थोडं थांबून, जॉब कार्ड बघून लिहावं: "तीन दिवसांत पुन्हा त्रास झाला, याबद्दल माफ करा. पंप बदलला होता. आता निचऱ्याच्या पाइपात काही अडकलंय का, ते बघावं लागेल. त्यासाठी व्हिजिट चार्ज घेणार नाही. दुकानाच्या नंबरवर सोयीची वेळ कळवा." गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन नंबर, बिलाची रक्कम यातलं काही उत्तरात येऊ देऊ नये. काम खरंच नीट झालं तर अनेकदा माणूस आपला रिव्ह्यू आपणहून बदलतो. तो बदला म्हणून मागे लागायची मात्र गरज नाही.

कधी भलत्याच दुकानाची तक्रार आपल्या नावावर येते. गुगलला रिपोर्ट करता येतं, पण नियम मोडला असेल तरच रिव्ह्यू निघतो. आपल्याला पटला नाही, एवढं कारण पुरत नाही. तोवर खाली लिहून ठेवावं: "या कामाची नोंद आमच्याकडे सापडत नाही. बिल नंबर कळवलात तर लगेच बघतो."