पेपरच्या आदल्या संध्याकाळची पोस्ट

खाजगी शिकवणी वर्गाच्या प्रसिद्धीचा विचार करताना दहावीच्या परीक्षेचा हंगाम हा विद्यार्थ्यांना शुभेच्छा देण्याचा काळ मानला जातो. परंतु त्या काळात वर्गाची पोस्ट, म्हणजे व्हॉट्सॲप, फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर टाकलेले चित्र वा मजकूर, पाहणाऱ्यांत दहावीच्या विद्यार्थ्यांइतकेच नववीच्या मुलांचे पालक असतात, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. दहावीची व्हेकेशन बॅच, म्हणजे नववीची वार्षिक परीक्षा संपताच उन्हाळ्यात सुरू होणारी तुकडी, बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्ये भरते, आणि तिच्या प्रवेशाचा निर्णय घरोघरी फेब्रुवारी-मार्चमध्येच होत असतो. हा वर्ग आपल्या मुलांची परीक्षेच्या तोंडावर कशी काळजी घेतो, हे पालक त्या दिवसांत न विचारता पाहत असतात.

म्हणून पोस्टचे वेळापत्रक महिन्यावरून न आखता पेपरवरून आखावे लागते. राज्य मंडळाची दहावीची परीक्षा 2024 साली 1 मार्चला सुरू झाली होती, तर 2025 साली ती 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्यामुळे ज्या वर्गाने आदल्या वर्षीची चित्रे केवळ साल बदलून पुन्हा वापरायचे ठरवले असेल, त्याची ‘परीक्षा आली’ ही हाक पहिला पेपर होऊन गेल्यावर ऐकू आली असती. मंडळ आधी संभाव्य वेळापत्रक काढते व हरकती-सूचना आल्यावर अंतिम वेळापत्रक जाहीर करते. या दोहोंच्या मधल्या काळात तारखा छापणे धोक्याचे असते आणि फॉरवर्ड होऊन आलेल्या वेळापत्रकावर विसंबणे त्याहून धोक्याचे, कारण चुकीची तारीख पसरवणाऱ्या वर्गावरचा विश्वास नंतरच्या दुरुस्तीने पुरता परत येत नाही.

गणित भाग 1 चा पेपर 2025 साली 5 मार्चला होता. त्या सकाळी नऊ वाजता टाकलेली ‘यशस्वी भव’ची पोस्ट कोणाच्याही उपयोगाची नव्हती, कारण विद्यार्थ्यांना साडेदहापर्यंत केंद्रावर हजर राहायचे असल्याने घरातली सगळी धावपळ तेव्हाच चालू असते. त्याऐवजी 4 मार्चच्या संध्याकाळी सातच्या सुमारास, मूल उजळणी करत असताना आणि पालक दप्तर लावून देत असताना, चारच ओळी पुरेशा होत्या: प्रवेशपत्र व शाळेचे ओळखपत्र पाकिटात आहे का, पेपर 40 गुणांचा आणि वेळ 11 ते 1.10, कारण शेवटची दहा मिनिटे मंडळाने वाढवून दिलेली आहेत. आलेखासाठी टोकदार पेन्सिल व पट्टी. आणि आज रात्री नवा धडा उघडू नये. पेपर तोच ठेवून पोस्टची वेळ बदलली की पोस्ट सजावटीची न राहता कामाची होते, आणि ती वर्गाबाहेरच्या पालकांकडेही आपसूक पाठवली जाते.

गावातल्या सणांचे गणित निराळे आहे. दहीहंडीचे नुसते शुभेच्छाचित्र प्रत्येक दुकानाच्या स्टेटसवर असते आणि त्यात वर्गाचा फलक हरवून जातो. त्याच दिवशी एखादा वर्ग असा प्रश्न टाकू शकतो: सर्वांत खालच्या थरात 13 गोविंदा आहेत व वरच्या प्रत्येक थरात तीन कमी होत जाऊन शेवटी एकच उरतो, तर थर किती आणि एकूण गोविंदा किती? 13, 10, 7, 4, 1 ही अंकगणित श्रेढी, म्हणजे लगतच्या दोन संख्यांमधला फरक सारखा असणारी मालिका. थर पाच आणि बेरीज 35. हा धडा दहावीच्या गणित भाग 1 मधलाच असल्याने, ज्या वर्गात तो ऑगस्टपर्यंत शिकवून झाला आहे त्याच वर्गाने हा प्रश्न विचारावा. न शिकवलेल्या धड्यावरचा प्रश्न मुलांना आपण मागे पडलो असे वाटायला लावतो. उत्तर दुसऱ्या दिवशी रीतीसह द्यावे, आणि मिरवणुकीमुळे रस्ता बंद राहून बॅचची वेळ बदलणार असेल तर ती सूचना स्वतंत्र पोस्टमध्ये द्यावी, कारण प्रश्नाखाली दडलेली सूचना वाचली जात नाही.

यातले काय उपयोगी पडले हे अंगठ्यांच्या व बदामांच्या संख्येवरून कळत नाही. वर्गातलीच मुले एकमेकांच्या आग्रहाने ते देतात. चौकशीच्या वहीत ‘कुठून कळले’ असा एक रकाना ठेवून पालकाचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहिले, तर एप्रिलअखेर ती पाने चाळताना ‘पेपरच्या आदल्या दिवशीचा तो मेसेज भावजयीने पाठवला होता’ अशा नोंदी सापडतात की केवळ ‘बोर्ड पाहिला’ एवढेच लिहिलेले आढळते, यावरून पुढल्या वर्षी कोणत्या तारखांना हात घालायचा ते ठरवता येते.