भिंत नसलेला तुरुंग कोणाला मिळतो?

वर्ध्यातल्या एखाद्याला जन्मठेप झाली, तर त्याची रवानगी सहसा मध्यवर्ती कारागृहात होते. तिथे वागणूक चांगली राहिली, तर पुढे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीच्या खुल्या कारागृहाची वाट मोकळी होऊ शकते. कच्च्या कैद्याला मात्र ही संधी नाही. शिक्षा झालेल्यांतही निवड समिती गुन्ह्याचे स्वरूप, आधीचे वर्तन, तब्येत आणि पळून जाण्याचा धोका तपासते. सराईत गुन्हेगार सहसा इथेच गळतात.

निमखुल्या कारागृहात थोडा पहारा असतो, खुल्यात तोही विरळ. मोर्शीत कैदी शेतीत राबतात. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत याही पुढची. औंध संस्थानात 1939 मध्ये ती सुरू झाली आणि ‘दो आँखें बारह हाथ’ला तिथूनच कथा मिळाली. इथे कैद्याला बायको-मुलांसह राहता येते. खरा फरक इथेच पडतो. दहा-बारा वर्षांनी सुटलेल्या माणसाला अनेकदा घर परके झालेले असते. इथे घरच त्याच्यासोबत असते.

पळणे सोपे, पण महागात पडते. पकडल्यावर परत बंद कोठडी, वर नवा गुन्हा. मिळवलेली माफीही जाऊ शकते.